रेडिमेडचा मीडियम आणि लेव्हल तीनचं पुस्तक

"मॅडम, हे मला होत नाही," असं म्हणत ताईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. टोन अगदी तोच, जो त्यांच्या दुकानात ट्रायल घेऊन पडद्याआडून बाहेर आलेल्या बाईचा असतो. ताईंचं गावभागात ब्लाउजचं दुकान आहे, वय एक्केचाळीस, मराठी मीडियममधून दहावी पास, इंग्रजी पाचवीपासून, कारण पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली आणि तोवर त्यांची शाळा संपून गेली होती. आमच्या रविवारच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये असे सहा जण आहेत. ताई, एक रिक्षावाले दादा, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर काका, हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या दोन मावशी आणि एक सलूनवाला मुलगा जो दर रविवारी उशिरा येतो कारण रविवारीच त्याची गर्दी. व्याकरणाचा सगळ्यांना कंटाळा आलाय, ते आधीच दोनदा शिकून झालंय, म्हणून आम्ही वाचतो. ग्रेडेड रीडर वाचतो, म्हणजे ठरवून ठेवलेल्या मोजक्या शब्दांत लिहिलेली गोष्टीची पुस्तकं.

ताईंना ते न होणारं पुस्तक दिलं होतं मीच, आणि का दिलं होतं ते सांगायला मला अजून लाज वाटते. मी त्यांना ऑनलाइन एक शब्दसंग्रहाची टेस्ट दिली होती, नेशन आणि बेगलर या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली व्होकॅब्युलरी साइझ टेस्ट. १४० प्रश्न, दर हजार शब्दांमागे दहा, आणि जेवढे बरोबर त्याला १०० ने गुणायचं. ताईंचे ४९ बरोबर आले. म्हणजे ४,९०० शब्द! मी खूश, ताई माझ्याहून खूश, आणि मी त्यांना ऑक्सफर्ड बुकवर्म्सचं स्टेज तीनचं पुस्तक दिलं, जे १,००० शब्दांत बसवलेलं असतं. पाच हजारवाल्या बाईला हजाराचं पुस्तक म्हणजे पाण्यासारखं जाईल असा माझा हिशोब.

तो हिशोब रात्री झोपताना माझ्या डोक्यात उलगडला. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. डोळे मिटून खुणा केल्या तरी १४० पैकी साधारण ३५ बरोबर येणार, म्हणजे ज्याला एक अक्षर इंग्रजी येत नाही तोही ३,५०० शब्दांचा धनी. ताईंच्या ४,९०० पैकी खरे किती आणि नशिबाचे किती हे त्या आकड्यातून कळायला मार्गच नव्हता. टेस्ट वाईट नाहीये, ती बरंच इंग्रजी येणाऱ्यांसाठी चांगली चालते, पण जिथे माणूस अंदाजाने खुणा करत बसतो तिथे ती फुगते.

आणि आपल्याकडे ती अजून एका कारणाने फुगते. मराठी माणसाच्या डोक्यात इंग्रजी शब्द भरपूर असतात, फक्त ते वेगळ्याच ठिकाणचे असतात. त्या टेस्टमध्ये मायक्रोफोन आहे, तो कुणाला येत नाही? गणपतीत मंडळाचं पोरगंही "माइक टेस्टिंग" करतं. पण त्याच टेस्टमध्ये स्टँडर्ड हा शब्द आहे, आणि आपल्यासाठी स्टँडर्ड म्हणजे इयत्ता, त्यामुळे पर्यायांमध्ये शाळेतल्या मार्कांविषयी काही दिसलं की ताईंची पेन्सिल तिथेच जाणार, आणि गेली. दादांना सर्टिफिकेट, इन्शुरन्स, परमिट, गिअरबॉक्स सगळं येतं, काकांना तर डेपोतलं इंग्रजी तोंडपाठ, पण वाक्यात ऑल्दो आला की तिघंही थांबतात. इन्स्टेड, अन्टिल, ईव्हन, स्टिल, असे शब्द आपल्या मराठीत कधी शिरलेच नाहीत, कारण उसनी आपण नावं घेतली, वाक्य बांधायचा दोरा आपलाच ठेवला. त्यामुळे आपल्या लोकांचा शब्दसंग्रह खालून वर भरत गेलेला नसतो, वर टोपल्याभर नावं आणि खाली पाया भुसभुशीत, असं असतं. आणि जी नावं येतात तीही जपून. गोष्टीत दोघं जण रात्री हॉटेलवर जातात आणि तिथे खोली शिल्लक नसते, यावर मावशींनी विचारलं, हॉटेलात खोली कशाला हवी, जेवायला आलेत ना? बरोबरच आहे, झोपायचं ते लॉज.

तर पुस्तक होत नाही म्हटल्यावर मी ताईंना म्हटलं, अहो पण लेव्हल तीनच आहे, त्यावर त्या हसल्या. "मॅडम, रेडिमेडमध्ये मीडियम लिहिलेलं असतं, ते कुणाचं मीडियम? एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या लार्जएवढा असतो. आम्ही लेबल बघतच नाही, टेप लावतो."

मग मी घरी जाऊन खरंच सगळ्या मालिकांचे आकडे एका कागदी पट्टीवर लिहून काढले आणि ती पट्टी पुस्तकांच्या स्टीलच्या कपाटावर चिकटवली. ऑक्सफर्ड बुकवर्म्स: स्टार्टर २५०, मग ४००, ७००, १,०००, १,४००, १,८००, आणि स्टेज सहा २,५००. केंब्रिज इंग्लिश रीडर्स: २५०, ४००, ८००, १,३००, १,९००, २,८००, ३,८००. मॅकमिलनमध्ये आकडे नाहीतच, नावं आहेत, एलिमेंटरी म्हणजे १,१०० आणि इंटरमीजिएट म्हणजे १,६००. म्हणजे एकाची लेव्हल तीन हजाराची, दुसऱ्याची तेराशेची, आणि तिसऱ्याची जी एलिमेंटरी आहे, जिचं नाव ऐकून वाटतं अगदी सुरुवातीची, ती पहिल्याच्या तिसऱ्या पायरीच्याही वर. तेव्हापासून आम्ही लेव्हल हा शब्दच सोडला. "चारशेचं पुस्तक", "सातशेचं पुस्तक" असंच म्हणतो, आणि याचा एक फायदा मला आधी लक्षात आला नव्हता, की मोठ्या माणसाला लेव्हल वन म्हटलं की आपण पहिलीत बसलोय असं वाटतं, चारशे म्हटलं की फक्त आकडा असतो.

हे आकडे हेडवर्डचे असतात. म्हणजे गो, गोज, वेन्ट, गॉन हे सगळं मिळून एक. शिवाय त्या गोष्टीला लागणारे चार-दोन जास्तीचे शब्द लेखक घेतो आणि ते मागे शब्दार्थात देतो. आणि एका मालिकेचे हजार म्हणजे दुसरीचे तेच हजार नव्हेत. पण साधारण अंदाजाला पट्टी पुरते.

टेप मात्र पुस्तकाला नाही, माणसाला लावायचा. आमची पद्धत अशी. पुस्तकाचं मधलं पान उघडायचं, पहिलं नाही, कारण पहिल्या पानावर गावांची आणि माणसांची नावंच फार असतात. पेन्सिलने १०० शब्द मोजून खूण करायची. माणसाने ते मनात वाचायचं आणि न येणाऱ्या शब्दाखाली रेघ मारायची, माणसांची, गावांची नावं सोडून. दोन रेघा आल्या तर पुस्तक होतं. चार-पाच आल्या तर घट्ट होतं, मदतीला कुणी असेल तर चालेल. त्याच्या वर गेलं की ठेवून द्यायचं.

हे दोन कुठून आले? हू आणि नेशन यांनी २००० साली एक प्रयोग छापला. एकाच गोष्टीत काही शब्दांच्या जागी बनावट शब्द घालून त्यांनी वाचणाऱ्यांना दिली, कुणाला शंभरातले वीस शब्द अनोळखी, कुणाला दहा, कुणाला पाच, कुणाला एकही नाही. वीस अनोळखी असताना कुणालाच गोष्ट नीट कळली नाही. पाच असतानाही बहुतेकांना नाही. बहुतेकांना आपलं आपण, कुणाला न विचारता कळायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासात एक नवा, असा त्यांचा निष्कर्ष होता. ऐकायला पाच म्हणजे काय विशेष वाटत नाही, पण २०० शब्दांच्या पानावर ते दहा होतात आणि दहापैकी दोन-तीन तरी नेमके तिथे असतात जिथे गोष्ट वळते.

ताईंच्या स्टेज तीनच्या पानावर शंभरात ११ रेघा. सातशेच्या पुस्तकात ५. चारशेच्या पुस्तकात २. म्हणजे माझ्या पाच हजारच्या बाईंचं माप चारशेचं निघालं.

काकांच्या बाबतीत दुसरंच घडलं. चौदाशेच्या डिटेक्टिव्ह गोष्टीचं पान, १०० शब्द, रेघा शून्य. काका पान परत देताना म्हणाले, "सोपंय." चाळीस वर्षं लोकांना खरंच पुढच्या स्टॉपला उतरायचंय का हे चेहऱ्यावरून ओळखलेला माणूस, त्यांचा चेहरा मला काही वाचता आला नाही. त्या दिवसापासून आम्ही टेपला दुसरं टोक लावलं, रेघ न मारलेल्या शब्दांतले दहा मी निवडते आणि वाक्यासकट मराठीत विचारते. काकांचे दहातले चार चुकले. खोटं बोलत नव्हते ते, त्यांना खरंच वाटत होतं की येतंय.

आणि ही दहा शब्दांची विचारपूस सुरू केल्यावर मला या सगळ्या प्रकारातली सगळ्यात फसवी जागा सापडली. छोटे शब्द. चारशेच्या यादीत लुक असतो, आफ्टर असतो, दोन्ही सगळ्यांना येतात, कुणी रेघ मारत नाही. आणि वाक्य असतं की मुलगी वडिलांना लुक आफ्टर करत होती. दादांनी सांगितलं, "तिने वडिलांनंतर बघितलं." गिव्ह अप म्हणजे वर दिलं. अॅट वन्समध्ये वन्स दिसतो म्हणून एकदा. मिस म्हणजे आठवण येणे, कारण व्हॉट्सअॅपवर सगळे मिस यू करतात, मग त्याने ट्रेन मिस केली म्हणजे त्याला ट्रेनची आठवण आली. सगळ्यात भारी ताईंचं होतं, हजाराच्या पुस्तकात कुणीतरी रात्रभर हार्डली झोपलं होतं आणि ताई म्हणाल्या, गाढ झोपली, हार्ड म्हणजे घट्ट ना? पुढचं अख्खं पान त्या बाईला इतकी गाढ झोप लागूनही ती दमलेली का म्हणून कोड्यात पडल्या होत्या. पुस्तकाच्या हिशोबात हे सगळे ओळखीचे शब्द. यादी शब्द मोजते, त्यातले अर्थ मोजत नाही. म्हणून आमच्या वहीत एकटा शब्द लिहायला बंदी आहे, लुक आफ्टर अख्खं लिहायचं, आणि शेजारी ज्या वाक्यात भेटलं ते वाक्य.

इथे एक गोष्ट सांगून टाकते कारण लोक नेहमी विचारतात, मग मुलांचीच गोष्टीची पुस्तकं का नाही देत, घरात पडलेली असतात. दादांनी त्यांच्या मुलीची आणली होती. ती पुस्तकं इंग्रजी घरात जन्मलेल्या मुलांसाठी लिहिलेली, ज्या मुलांच्या कानात आधीच हजारो शब्द आहेत. तिथे चिखलात फच्च आवाज करण्याला एक शब्द, बदकाच्या चालीला वेगळा शब्द, आणि चेटकिणीच्या काठीला अजून वेगळा. शंभरात दहा-बारा रेघा सहज. आणि पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने बदक वाचायचं वर.

बाय द वे, शब्द मोजून पुस्तकं लिहायच्या या उद्योगाचं एक मोठं मूळ आपल्याच बाजूला आहे. मायकल वेस्ट नावाचा इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधला माणूस १९२०च्या दशकात ढाक्यात शिक्षकांच्या कॉलेजात होता. बंगाली मुलांच्या हातात जे इंग्रजी वाचनाचं पुस्तक असायचं त्यात नवे शब्द दाटीवाटीने आणि त्यातले बरेच परत कधीच न भेटणारे, हे त्याला दिसलं, आणि त्याने जुनाट, क्वचित लागणारे शब्द काढून रोजचे घातले आणि नवे शब्द लांब लांब पेरले. पुढे १९५३ मध्ये त्याची साधारण २,००० शब्दांची जनरल सर्व्हिस लिस्ट आली. म्हणजे कपाटावरची ती पट्टी ढाक्याहून लंडनला जाऊन परत आपल्याकडे आली म्हणायची.

आता वाढ कशी मोजायची. सुरुवातीला मी सगळ्यांना रोज दहा शब्द लिहा सांगायचे, आणि महिन्यात वहीत तीनशे शब्द झाले की वाढले असं धरायचे. ती वही म्हणजे गिऱ्हाइकांची यादी झाली, त्यातले परत किती आले ते कोण बघतंय. मग वॉरिंग आणि ताकाकी यांचा २००३ चा प्रयोग वाचला आणि माझी झोपच उडाली. त्यांनी जपानी विद्यार्थिनींना चारशेच्याच लेव्हलचं बुकवर्म्सचं पुस्तक दिलं, त्यातले २५ शब्द बदलून बनावट घातले म्हणजे आधी येत असण्याचा प्रश्नच नाही. वाचून झाल्याझाल्या अर्थ सांगा म्हटल्यावर २५ पैकी सरासरी पाचही आले नाहीत. तीन महिन्यांनी परत विचारलं तर सरासरी एक. पर्याय देऊन विचारलं तर आकडे बरेच जास्त येतात, आधी दहाच्या पुढे आणि तीन महिन्यांनी सहा. म्हणजे काय विचारता यावर वाढ ठरते, आणि कधी विचारता यावर तर जास्तच.

मग आम्ही तसंच केलं, आमच्या पद्धतीने. ताईंनी चारशेचं पहिलं पुस्तक सुरू करायच्या आधी मी त्यातले त्यांना न येणारे २० शब्द काढले, आणि ई-बुकमध्ये शोधून प्रत्येकाच्या पुढे किती वेळा येतो ते लिहिलं. पुस्तक साधारण साडेपाच हजार शब्दांचं, ताईंचा वेग मिनिटाला ६० च्या आसपास, म्हणजे दीड तासाचं वाचन, जे त्यांनी दुपारी दुकान बंद असताना आठवड्यात संपवलं. संपल्यावर विचारलं तर ७ आले. तीन महिन्यांनी ४. ज्यांच्यापुढे एक किंवा दोन आकडा होता ते जवळजवळ सगळे गळाले. अपवाद एक, थ्रेड, एकदाच आला होता आणि पक्का बसला, कारण तो शब्द रिळावर रोज त्यांच्या डोळ्यासमोर होता, फक्त आजवर वाचला नव्हता. आणि उरलेले तीन? त्या पुस्तकात पाच-सहा वेळा होते, पण मी पुढची पुस्तकं तपासली तर तेच शब्द त्यांतही आले होते. म्हणजे ते पहिल्या पुस्तकाने शिकवले नव्हते, पहिल्याने ओळख करून दिली आणि पुढच्यांनी पक्के केले.

यातून माझी एक सवय मोडली. मी दर वेळी वेगळ्या मालिकेचं पुस्तक द्यायचे, व्हरायटी म्हणून. पण एकाच मालिकेच्या एकाच पायरीवर राहिलं तर तीच यादी फिरून फिरून भेटते, आणि विसरायच्या आत भेटते. नेशन आणि वांग यांनी १९९९ मध्ये याच बुकवर्म्सच्या शब्दांची मोजदाद करून हेच म्हटलंय, आठवड्याला एक पुस्तक आणि एका पायरीवर निदान पाच, वरच्या पायऱ्यांवर त्याहून जास्त. हळू वाचणाऱ्याने जास्तच वाचायला हवीत. आमच्याकडे पाचात कुणाचंच भागलं नाही, आठ लागली.

आता प्रत्येकाच्या वहीत एका पुस्तकाला एक ओळ असते, तारीख, पुस्तक कितीचं, किती शब्दांचं, किती मिनिटं लागली, आणि तीन ठिकाणच्या शंभरातल्या रेघांची सरासरी. बास. आणि सहा महिन्यांनी एकदा दुसरी टेस्ट, वेब, सासाओ आणि बॅलन्स यांची २०१७ ची अपडेटेड व्होकॅब्युलरी लेव्हल्स टेस्ट. ही आम्हाला बरी पडते कारण ती एकच मोठा आकडा देत नाही, पहिला हजार वेगळा, दुसरा हजार वेगळा, असं पाच हजारांपर्यंत, प्रत्येकाचे ३० प्रश्न, आणि पहिल्या तीन हजारांत ३० पैकी २९ आले तरच तो हजार आला म्हणायचं. कडक आहे. ताईंना सुरुवातीला पहिल्या हजारात २२ आले, दुसऱ्या हजारात १३.

अकरा महिने, आठ पुस्तकं चारशेची, आठ सातशेची, मिळून लाखाच्या जरा आत शब्द वाचले त्यांनी. परत टेस्ट, पहिल्या हजारात २८, दुसऱ्यात १५. तीस प्रश्न हजार शब्दांच्या वतीने बोलतात, म्हणजे एक प्रश्न साधारण ३३ शब्दांचा, त्यामुळे पहिल्या हजारात अंदाजे २०० शब्दांची भर पडली. दुसऱ्या हजारातले दोन मी धरतच नाही, एखादा दिवस चांगला गेला की दोन इकडेतिकडे होतात. आधी मी खट्टू झाले, वर्षभरात दोनशे? मग पट्टीकडे बघितलं. चारशेवरून सातशेची यादी म्हणजे तीनशेच शब्द तर नवे. जिथलं वाचलं तिथलंच वाढलं, आणि जे पुस्तकात नव्हतंच ते येणार कुठून. वेग मात्र मिनिटाला ६० वरून ९५ वर गेला, आणि तो कुठल्याच शब्दाच्या टेस्टमध्ये दिसत नाही. लुक आफ्टर आता नीट येतं तेही दिसत नाही, कारण टेस्टमध्ये शब्द एकटाच उभा असतो.

पुढच्या पायऱ्या रुंद होत जातात, चौदाशे ते अठराशेमध्ये चारशे शब्द आणि अठराशे ते पंचवीसशेमध्ये सातशे, आणि शेवटच्या पायरीवरून खऱ्या इंग्रजी कादंबरीकडे बघितलं तर मध्ये दरीच आहे, ९८ टक्क्यांनी वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द मिळून एक, लागतात असा नेशनचा २००६ चा हिशोब आहे. त्यानेच मधल्या लोकांसाठी चार, सहा आणि आठ हजारांच्या पातळीवर आणलेली पुस्तकं फुकट ठेवलीयत. ताईंना मी हे सांगितलेलं नाही अजून.

गेल्या रविवारी त्यांनी परत तेच पुस्तक मागितलं, अकरा रेघांचं, वर्षापूर्वी टेबलावर ठेवलेलं. तीन जागी शंभर-शंभर मोजले. ४, ३, ५. मग मी रेघ न मारलेले दहा विचारले, नऊ आले, हार्डलीही आला. मी म्हटलं घ्या, चार काही फार नाहीत, मी आहे मदतीला. त्यांनी पान जरा वेळ बघितलं, मग उठून कपाटाकडे गेल्या, पट्टीवर सातशे आणि हजारच्या मधे बोट फिरवत थांबल्या.

"हे आठशेचं आहे ना, केंब्रिजचं? त्यातलं द्या एक. आणि मॅडम, मुडदा नसलेलं बघा, मागच्या चारही पुस्तकांत कुणी ना कुणी मेलंच होतं."

कपाटात आठशेची तीन होती. दोन मी वाचलेली, दोन्हींत मेलेलं होतं. तिसरं दिलंय, ते मीही वाचलेलं नाही.